दहा डॉलरचे रुपये किती?

फोटो दुरुस्त करण्याचं एखादं सॉफ्टवेअर अमेरिकेत महिन्याला १० डॉलरला मिळतं असं समजा. भारतात त्याचा भाव किती ठेवायचा? डॉलर ८५ रुपयांना धरला तर ८५० रुपये होतात, आणि तेवढे दरमहा देणारे आपल्याकडे थोडेच. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबाने मात्र अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं, ते इथे साधारण २० रुपयांत मिळतं. त्या मापाने भाव २०० रुपये व्हायला हवा.

पण २०० रुपयांचा हिशेब सरासरी भारतीयाचा आहे. सॉफ्टवेअर घेणाऱ्याकडे लॅपटॉप असतो, बहुधा कार्डही असतं. तो सरासरीपेक्षा सुस्थितीत असतो. शिवाय सर्व्हरचं भाडं कंपनी डॉलरमध्येच भरते. म्हणून समजा, ३९९ रुपये ठरले. त्यातला १८ टक्के जीएसटी वजा जाता ३३८ उरतात. अ‍ॅप स्टोअरने १५ टक्के कमिशन घेतलं की २८७, म्हणजे ३.४० डॉलरच्याही आत. तरीही हे परवडतं, कारण तयार सॉफ्टवेअर आणखी एकाला देण्याचा खर्च किरकोळ असतो. तो खर्च प्रत्येक ग्राहकामागे दोन-तीन डॉलर असेल, तर मात्र हे गणित कोसळतं.

रुपया पाच टक्क्यांनी घसरला तर या हिशेबात कंपनीचे १६-१७ सेंट जातात. ते तिने सोसावेत. तुर्कस्तानची गोष्ट वेगळी. २०२१च्या सुरुवातीला तिथे डॉलर साडेसात लिराच्या आसपास होता, २०२३च्या अखेरीस २९च्या पुढे गेला. १०० लिराचे १३ डॉलर यायचे, ते साडेतीनवर आले. गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ने नोव्हेंबर २०२३मध्ये तिथले आणि अर्जेंटिनातले भाव थेट डॉलरमध्ये नेले. विक्रेत्याची जोखीम संपली आणि ती ग्राहकाच्या डोक्यावर आली. पगार लिरात आणि खरेदी डॉलरमध्ये, त्यामुळे खेळणारे संतापले.

उलट तक्रार श्रीमंत देशांतून येते: त्याच वस्तूचे आम्ही तिप्पट का द्यायचे? काही जण व्हीपीएन लावून स्वस्त देशातून सदस्यत्व घेतात. ते रोखायला इंटरनेटचा पत्ता पुरत नाही. कार्ड कुठल्या देशातल्या बँकेचं आहे हे पाहणं जास्त भरवशाचं. मात्र त्यात भारतीय कार्ड वापरणारा न्यू जर्सीतला मराठी माणूसही स्वस्तात घेऊन जातो. तेवढी गळती कंपनीने सोडून द्यावी.

ग्राहकाला भाव जास्त असण्यापेक्षा तो न सांगता वाढलेला अधिक खटकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते, म्हणून भारतात ही वाढ लपत नाही. सूचना वाचून पुष्कळ जण तिथेच सदस्यत्व बंद करतात. भाव स्थानिक चलनात ठेवावा, वर्षातून एकदाच तपासावा आणि वाढवलाच तर जुन्या सदस्यांना निदान वर्षभर आधीचाच भाव द्यावा. आणि वाचकहो, ती सूचना न वाचता पुसून टाकू नका.