तीस दिवसांच्या नोंदी, पंचवीस दिवसांची डिस्क

सर्व्हर सुरू असतो, नेटवर्क ठीक असते, खात्यातली शिल्लकही पडद्यावर दिसते. पण पैसे जमा करायला गेले की गोल चक्र फिरत राहते. वाचन चालू आणि लिहिणे ठप्प, असे चित्र दिसले की आधी डिस्कची रिकामी जागा पाहावी. मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल, तर जागा खाणारा बहुधा बायनरी लॉग, म्हणजेच बिनलॉग असतो.

व्यापाऱ्याकडे जशी खतावणी आणि रोजकीर्द, तशीच इथेही दोन दप्तरे असतात. डेटाच्या फाइलींत प्रत्येक खात्याची आजची स्थिती असते, तर बिनलॉगमध्ये झालेला प्रत्येक बदल क्रमाने उतरत जातो. पहाटे 2 वाजता बॅकअप घेतला आणि दुपारी 4 वाजता सर्व्हर कोसळला, तर मधले चौदा तास या बिनलॉगवरूनच पुन्हा उभे करता येतात. दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली जिवंत प्रत, म्हणजे रेप्लिका, हीसुद्धा याच नोंदी वाचून अद्ययावत राहते. म्हणून तो बंद करणे हा उपाय मला मुळीच पटत नाही.

आता हिशेब पाहू. समजा, एका सहकारी बँकेची 20 लाख खाती आहेत आणि रोज रात्री प्रत्येक खात्याच्या आजवरच्या व्याजाचा आकडा बदलतो. आज्ञा एका ओळीची, बदलणारा रकाना एकच. पण मायएसक्यूएलच्या नेहमीच्या पद्धतीत बिनलॉगमध्ये ती आज्ञा लिहिली जात नाही; बदललेली प्रत्येक ओळ लिहिली जाते, तीही दोनदा, बदलापूर्वीची अख्खी आणि बदलानंतरची अख्खी. एक ओळ 500 बाइटची धरली तर खात्यामागे 1000 बाइट, आणि 20 लाख खात्यांचे रात्रीत सुमारे 2 जीबी. खाती तेवढीच, डेटाच्या फाइलीही जवळपास तेवढ्याच, त्यामुळे काही वाढते आहे अशी शंकाही कोणाला येत नाही.

मायएसक्यूएल 8.0 पासून बिनलॉग आपोआप सुरूच असतो आणि जुन्या फाइली 30 दिवसांनी काढल्या जातात. डिस्कवर 50 जीबी मोकळे असतील, तर रोजच्या 2 जीबीने ते 25 दिवसांत संपतात. पहिली फाइल पुसली जायच्या पाच दिवस आधीच डिस्क भरलेली असते! मर्यादा दिवसांची आहे, जागेची नाही; खरी मेख इथे आहे. 5.7 आवृत्तीत तर बिनलॉग सुरू केला आणि मुदत घातली नाही, तर फाइली कधीच पुसल्या जात नसत.

डिस्क भरली तरी मायएसक्यूएल लगेच बंद पडत नाही. तो लिहिणे थांबवतो, दर मिनिटाला जागा झाली का ते पाहतो आणि एरर लॉगमध्ये `No space left on device` अशी नोंद करतो. अशा वेळी घाईने `rm` वापरून बिनलॉगच्या फाइली उडवू नयेत. कोणत्या फाइली आहेत याची यादी सर्व्हर `binlog.index` मध्ये ठेवतो. यादीतली फाइल जागेवर नसली की पुढची साफसफाई अडखळते. आणि रेप्लिकाने न वाचलेली फाइल गेली, तर ती प्रत नव्याने उभारावी लागते.

त्यापेक्षा आधी जुने बॅकअप किंवा इतर निरुपयोगी फाइली हलवून थोडी जागा करावी. सर्व्हर पुन्हा लिहू लागला की रेप्लिकावर `SHOW REPLICA STATUS` चालवून ती कोणत्या फाइलीपर्यंत पोहोचली आहे ते पाहावे. ती विसाव्या फाइलीवर असेल, तर मुख्य सर्व्हरवर अशी आज्ञा द्यावी:

```
SHOW BINARY LOGS;
PURGE BINARY LOGS TO 'binlog.000020';
SET PERSIST binlog_expire_logs_seconds = 604800;
```

दुसऱ्या आज्ञेने विसाव्याच्या आधीच्या फाइली जातात, विसावी राहते. तिसऱ्या आज्ञेने मुदत सात दिवसांची होते. ती बदलल्याक्षणी काही पुसले जात नाही. सर्व्हर नवी फाइल उघडतो किंवा पुन्हा सुरू होतो, तेव्हा जुन्या फाइली जातात.

सात दिवसांना आपल्या बँकेत सुमारे 14 जीबी लागतील. ही मुदत दोन पूर्ण बॅकअपमधल्या अंतरापेक्षा मात्र कमी नसावी, नाहीतर मधला काळ परत उभा करता येणार नाही. तुमच्याकडे मायएसक्यूएल असेल तर `SHOW BINARY LOGS` मधले आकारांचे आकडे पाहून एका दिवसाचा बिनलॉग किती होतो ते काढा, मुदतीच्या दिवसांनी गुणा, आणि तेवढी जागा डिस्कवर खरोखर आहे का ते आजच तपासा.