वृद्धांचा मलावरोध आणि चोथ्याचा आहार

वयाची सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीच्या आहाराचा विचार करताना घरात बहुधा मऊ आणि पचायला हलके अन्नच आठवते, आणि मऊ भात, साय काढलेले दूध, चहात बुडवलेले बिस्कीट, साबुदाण्याची खिचडी असे पदार्थ हळूहळू ताटात स्थिरावतात. दात पडलेले किंवा कवळी सैल झालेली असते, त्यामुळे ही निवड स्वाभाविक असली तरी या पदार्थांत चोथा जवळजवळ नसतो. चोथा म्हणजे वनस्पतिजन्य अन्नातील तो भाग, जो माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही आणि तसाच मोठ्या आतड्यात उतरतो. त्याचा काही भाग पाणी धरून ठेवून मळ मऊ करतो, काही भाग आकारमान वाढवून आतड्याच्या भिंतीला हालचालीची चेतना देतो आणि काही भाग तेथील जिवाणूंचे खाद्य बनतो. डेनिस बर्किट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत भरपूर चोथा खाणाऱ्या आफ्रिकी ग्रामीण लोकांचा मळ वजनाने जास्त आढळला आणि त्याचा आतड्यातील प्रवासही कमी वेळात होत असल्याचे दिसले. चोथ्याकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्यात त्या लेखनाचा वाटा मोठा आहे.

जुनाट मलावरोधाचे निदान केवळ ‘रोज होत नाही’ एवढ्यावर होत नाही. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, वारंवार कुंथावे लागणे, मळ कठीण गोळ्यांसारखा असणे, पोट पूर्ण साफ झाल्यासारखे न वाटणे अशा तक्रारींपैकी दोन किंवा अधिक तक्रारी किमान तीन महिने टिकून राहिल्या आणि त्यांची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असली, म्हणजे वैद्यकीय परिभाषेत तो जुनाट मलावरोध ठरतो. मळाचे स्वरूप नोंदवण्यासाठी ब्रिस्टलची सात प्रकारांची मोजपट्टी वापरतात. तीत सुट्या कठीण गोळ्या हा पहिला प्रकार, पातळ पाणी हा सातवा, आणि गुळगुळीत, मऊ, सलग मळ हा चौथा असून तोच इष्ट मानला जातो. आहार बदलताना एका वहीत रोज हा आकडा लिहून ठेवला, तर फरक पडतो आहे की नाही हे आठवणीवर सोडावे लागत नाही.

उदाहरणादाखल पंचाहत्तर वर्षांच्या, पन्नास किलो वजनाच्या, कवळी वापरणाऱ्या आणि घरातल्या घरात हिंडणाऱ्या एका स्त्रीचा दिवस घेता येईल. सकाळी चहा आणि चार बिस्किटे, दुपारी एक पोळी, वरणभात आणि दुधी भोपळ्याची भाजी, चार वाजता पुन्हा चहा, रात्री मऊ भात आणि ताक, केव्हातरी अर्धे केळे, असा हा दिवस असतो. या साऱ्याची बेरीज साधारण १२ ते १३ ग्रॅम चोथा एवढीच भरते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दर हजार कॅलरींमागे सुमारे १५ ग्रॅम चोथा असावा, म्हणजे पंधराशे कॅलरी घेणाऱ्या या स्त्रीला २२ ते २५ ग्रॅमची गरज आहे. तिला मिळणारा चोथा गरजेच्या निम्म्याच्या आसपास आहे, आणि ही तूट एखाद्या घरगुती उपायाने भरून निघण्याजोगी नाही.

येथे भिजवलेल्या मनुकांचा मुद्दा स्पष्टपणे मांडायला हवा. रात्री चारपाच काळ्या मनुका भिजवून सकाळी त्या पाण्यासकट खाण्याची रीत घरोघरी आहे आणि ती चांगलीही आहे, परंतु चार मनुकांतून मिळणारा चोथा पाव ग्रॅमही नसतो. भिजवल्याने चोथा वाढत नाही. साल मऊ होते, चावणे सोपे होते, फळासोबत थोडे पाणीही पोटात जाते आणि विरघळलेला काही भाग पाण्यात उतरतो म्हणून ते पाणी टाकू नये, एवढेच भिजवण्याचे कार्य आहे. उपाय म्हणून सुकी फळे घ्यायची, तर त्यांचे प्रमाणही उपायाचे असावे लागते: दोन मोठी सुकी अंजिरे आणि पंधरावीस काळ्या मनुका किंवा पाच ते सहा सुके आलुबुखारे, असे केल्यास तीन ग्रॅमच्या आसपास चोथा मिळतो. यांपैकी आलुबुखाऱ्याचा गुण केवळ चोथ्याचा नाही. त्यात सॉर्बिटॉल नावाची, आतड्यात सावकाश आणि अपुरी शोषली जाणारी शर्करा भरपूर असते, आणि ती आतड्यात पाणी ओढून घेते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दिवसातून दोनदा पन्नास-पन्नास ग्रॅम आलुबुखारे खाणाऱ्यांना इसबगोल घेणाऱ्यांपेक्षा अधिक आराम मिळाल्याचे आढळले. वृद्धांनी पाच फळांपासून सुरुवात करणेच बरे, कारण तीच सॉर्बिटॉल जास्त झाल्यास पोट फुगवते आणि जुलाबही घडवते. मधुमेह असेल तर या फळांची साखर दिवसाच्या हिशेबात धरावी लागते, आणि मूत्रपिंड निकामी होत असल्यास त्यांतील पोटॅशियममुळे ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

चोथ्याचा खरा भार उचलतात ती धान्ये आणि कडधान्ये. शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा कोंड्यासकटची कणीक यांत दहा ते बारा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, तर पॉलिश केलेल्या तांदळात तीन ग्रॅमपेक्षाही कमी. अख्ख्या मुगात सतरा ग्रॅमच्या घरात असतो. म्हणून वरील स्त्रीच्या ताटात भात पूर्ण बंद न करता त्याची एक जागा कोंड्यासकटच्या धान्याला द्यावी. सकाळी भाजलेल्या गव्हाच्या दलियाचा, गाजर-मटार घातलेला सैलसर उपमा केला, तर चाळीस ग्रॅम दलियातून आणि भाज्यांतून साडेचार ग्रॅम चोथा येतो, आणि आदल्या रात्री दलिया भिजत घातला असल्यास तो कवळीलाही जड जात नाही. दुपारी चाळीस ग्रॅम पिठाची लहान, पातळ, ताजी ज्वारीची भाकरी गरम आमटीत कुस्करून द्यावी. भाकरी तव्यावरून उतरल्यावर लगेच कुस्करली तर आमटी आत मुरते, थंड झाल्यावर मात्र ती चिवट होते आणि न चावता गिळली जाते, हा फरक वृद्धाच्या ताटात फार मोलाचा ठरतो. भाकरी अजिबात जमत नसेल, तर ज्वारीच्या कण्या सहासात तास भिजवून कुकरमध्ये मऊ शिजवता येतात. आमटीसाठी वीस ग्रॅम अख्खे मूग रात्रभर भिजवून, शिजवून, पळीने घोटून घ्यावेत. सालींसह घोटल्याने चोथा राहतो आणि दातांत काही अडकत नाही. त्यासोबत पालक किंवा मेथीची बारीक चिरलेली भाजी, सकाळी अकराच्या सुमारास पपईची एक वाटी, आणि रात्री तांदूळ व मूगडाळीची सैल खिचडी आणि लाल भोपळ्याची भाजी, अशी रचना केली तर सुक्या फळांसह दिवसाची बेरीज पंचवीस ग्रॅमच्या आसपास येते. जवसाची ताजी कुटलेली चटणी चमचाभर घेतल्यास आणखी दीडदोन ग्रॅम मिळतात.

हे सारे एका दिवसात सुरू केले, तर चौथ्या दिवशी पोट फुगते, गॅसने अस्वस्थ वाटते आणि रुग्ण सगळा आहार नाकारतो. चोथ्याचे बहुतेक प्रयत्न येथेच फसतात. मोठ्या आतड्यातील जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून दर आठवड्याला तीन ते पाच ग्रॅमहून जास्त वाढ करू नये. पहिल्या आठवड्यात फक्त सुकी फळे आणि पाणी, दुसऱ्यात दलिया, तिसऱ्यात भाकरी, चौथ्यात मूग आणि पालेभाजी असा क्रम ठेवला, तर महिन्याभरात पूर्ण आहार बसतो. एखाद्या पायरीवर पोट फारच फुगले, तर मागे न जाता आणखी एक आठवडा तिथेच थांबावे.

पाण्याविषयी गैरसमज दोन बाजूंनी आहेत. शरीरात पाण्याची कमतरता नसताना केवळ अधिक पाणी प्यायल्याने मळ मऊ होत नाही, कारण ते पाणी आतड्यातून शोषले जाऊन मूत्रावाटे निघून जाते. दुसरीकडे चोथा वाढवला आणि पाणी मात्र कमीच राहिले, तर मळ आणखी घट्ट होतो. इटलीतील १९९८ च्या एका अभ्यासात रोज पंचवीस ग्रॅम चोथा घेणाऱ्या दोन गटांपैकी सुमारे दोन लिटर द्रव घेणाऱ्या गटात शौचास होण्याची वारंवारता अधिक वाढली. वृद्धांत तहान मंदावलेली असते, त्यामुळे तहान लागल्यावर पिणे हा नियम पुरत नाही. युरोपीय पोषणविषयक मार्गदर्शनात वृद्ध स्त्रियांसाठी दिवसाला १.६ लिटर आणि पुरुषांसाठी २ लिटर पेये सुचवली आहेत, आणि त्यांत चहा, ताक, दूध हेही मोजले जातात. अनेक वृद्ध रात्री उठावे लागते म्हणून जाणूनबुजून पाणी टाळतात. ही भीती समजण्याजोगी आहे, तेव्हा तिच्याशी वाद घालण्यापेक्षा वेळ बदलणे चांगले. उठल्यावर एक पेला कोमट पाणी, नाश्त्याबरोबर चहा, अकराला ताक, जेवताना थोडे पाणी, दुपारी तीनला आणि पाचला पेलाभर पाणी, आणि संध्याकाळी सातनंतर केवळ औषधापुरते, अशी वाटणी केली की १.६ लिटरच्या जवळ जाता येते. लघवी गडद पिवळी दिसली, तर द्रव कमी पडले असावेत असे समजावे. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असल्यामुळे डॉक्टरांनी पाणी मर्यादित केले असेल, तर मात्र त्यांच्या मर्यादेत राहूनच आणि चोथाही हळू वाढवूनच चालावे लागते.

इसबगोल हा चोथाच आहे, पण त्याला शिस्त लागते. एक चमचा भुसा पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून, बसून, लगेच प्यायचा असतो. कोरडा खाल्ला तर तो घशात फुगू शकतो, आणि गिळताना ज्यांना ठसका लागतो त्यांना तो देऊच नये. अन्य गोळ्यांपासून त्याला दोन तासांचे अंतर ठेवावे.

आहार योग्य असूनही काही जणांत फरक पडत नाही, आणि त्याचे कारण बहुधा ताटाबाहेर असते. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, अॅल्युमिनियमयुक्त आम्लपित्तनाशके, वेदनाशामक ट्रामाडोल, लघवी रोखण्यासाठी किंवा नैराश्यासाठी दिली जाणारी काही औषधे मलावरोध वाढवतात, म्हणून औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवणे हा आहाराइतकाच आवश्यक भाग आहे. पोट साफ होण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, आणि चूर्ण चालू असताना आहाराचा परिणाम ओळखता येत नाही. मंद गतीच्या आतड्यात, किंवा शौचाच्या वेळी गुदद्वाराभोवतीचे स्नायू सैल न होता आवळले जातात अशा दोषात, जास्त चोथा उपयोगी पडत नाही; उलट फुगारा वाढतो. महिनाभर काटेकोर आहार घेऊनही वहीतील आकडे एक-दोनवरच राहिले, तर चोथा आणखी वाढवण्याऐवजी तपासणी करावी. लॅक्टुलोजसारखे, आतड्यात पाणी ओढणारे औषध देणे हा आहाराचा पराभव मानू नये. कित्येक दिवस शौचास न होता अचानक पातळ मळ कपड्याला लागू लागला, तर तो जुलाब समजून बंदीचे औषध देऊ नये, कारण खाली अडकलेल्या कठीण मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो आणि अशा वेळी चोथा वाढवणे घातक ठरते. मळात रक्त, कारण नसताना घटलेले वजन, रक्ताची कमतरता, उलट्यांसह फुगलेले पोट किंवा उतारवयात नव्याने आणि झपाट्याने बदललेली सवय ही लक्षणे दिसली, तर आहाराचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे.

शौचाची वेळही ठरावीक ठेवावी. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप वाढते आणि हा प्रतिसाद सकाळी सर्वांत ठळक असतो, तेव्हा नाश्त्यानंतर पंधरावीस मिनिटांनी, पायाखाली छोटा पाट घेऊन, गुडघे कमरेपेक्षा उंच राहतील असे बसावे; पाश्चात्त्य पद्धतीच्या कमोडवर बसणाऱ्या वृद्धांना या पाटाने कुंथणे कमी होते.

एकादशी आणि श्रावणातील उपवास या आहारात सर्वांत मोठी खीळ घालतात, कारण साबुदाण्यात चोथा नाममात्र असतो, शेंगदाण्याच्या कुटाने तो थोडाच भरून निघतो, आणि उपवासाच्या दिवशी पाणीही सहसा कमी प्यायले जाते. उपवास सोडायला लावण्याची गरज नसते. साबुदाण्याऐवजी वरीचा भात, राजगिऱ्याची भाकरी, सालीसह उकडून कुस्करलेले रताळे आणि पपई चालतात, तर अंजीर आणि मनुका तशाच ठेवता येतात. दिवसभरात ताक तीनदा दिले, तर द्रवांची तूटही बरीच भरून निघते, आणि पारण्याच्या दिवशी पहिल्या जेवणात भाकरी व मूग परत यावेत.