पैठणीचा फोटो पदराचा

लुकबुकमध्ये पैठणी विकतो तो पदर. म्हणून खांद्यावर त्याच्या बारीक निऱ्या घालत नाहीत. मोर दुमडले जातात. पदर मोकळा सोडून मॉडेल डावा हात कोपरातून किंचित उचलते, की जर पसरते आणि रेशमाचा जडपणा दिसतो. प्रकाश बाजूने हवा. समोरून फ्लॅश मारला तर जर पांढरी पडते आणि ताण्या-बाण्याच्या दोन रंगांची धूपछाँव हरवते. एका फोटोत पदर उलटून दाखवावाच, कारण हातमागाची वीण मागूनही जवळपास तितकीच स्वच्छ असते. गळ्यात ठुशी पुरे, लांब हार काठावर येतो. मागे मातकट, बिनचकाकीची भिंत. वाड्याचा कोरीव दरवाजा मोह पाडतो, पण नक्षीपुढे नक्षी मरते.