टेलिप्रॉम्प्टरवरची ओळ कुठे तोडायची?

कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारा माणूस वाचतो आहे की आपल्याशी बोलतो आहे, हे बघणाऱ्याला पहिल्या काही सेकंदांतच कळतं. आवाजावरून नंतर, आधी डोळ्यांवरून. बुबुळं डावीकडून उजवीकडे सरकतात, झटकन परत डावीकडे येतात आणि पुन्हा तोच प्रवास सुरू होतो. मजकूर कितीही चांगला असला तरी मग तो वाचून दाखवलेला वाटतो. हे बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या सरावावर ढकललं जातं, पण दोष पुष्कळदा पडद्यावर मजकूर कसा मांडला आहे यात असतो.

1950 च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये ह्युबर्ट श्लाफ्ली या इंजिनिअरने, संवाद लक्षात ठेवताना दमछाक होणाऱ्या टीव्ही नटांसाठी, कॅमेऱ्याजवळ फिरणारी कागदाची गुंडाळी तयार केली. त्यात अडचण एकच होती, नट कॅमेऱ्याच्या बाजूला बघतोय हे दिसायचं. आजच्या स्टुडिओत लेन्सच्या पुढे 45 अंशात तिरकी काच असते. खाली आडव्या ठेवलेल्या पडद्यावरचा मजकूर त्या काचेत दिसतो आणि काचेमागची लेन्स वक्त्याला पाहत असते. काचेत प्रतिमा उलटते, म्हणून पडद्यावर अक्षरं आधीच आरशातल्यासारखी उलटी करून सोडतात. अशी काच असेल तर वक्ता लेन्सकडेच बघत वाचतो. तरीही डोळे सरकताना दिसू शकतात, आणि आकाराचा व ओळीच्या लांबीचा सगळा प्रश्न तिथून सुरू होतो.

हिशोब साधा आहे. मजकुराची रुंदी 15 सेंटिमीटर आहे आणि वक्ता दीड मीटरवर बसला आहे, असं धरा. ओळीच्या एका टोकाला बघताना नजर मधल्या रेषेपासून सुमारे 3 अंश वळते, ते बहुतेकांना खटकत नाही. तोच मजकूर 60 सेंटिमीटरवर ठेवला की नजर 7 अंश वळते आणि वाचन उघडं पडतं. म्हणजे उपाय दोन, लांब बसा आणि ओळ अरुंद करा. लांब बसलं की मात्र अक्षर मोठं करावं लागतं. दीड मीटरसाठी अक्षराची उंची, मात्रा-वेलांट्या सोडून, साधारण 12 मिलिमीटर असेल तर डोळे ताणावे लागत नाहीत. आता 15 सेंटिमीटर रुंदीत एवढी मोठी अक्षरं किती बसतील? डझनभर, म्हणजे तीन-चार शब्द. छोटी ओळ ही आवड म्हणून ठेवलेली नसते, अक्षर मोठं आणि रुंदी कमी केल्यावर ती तशीच उरते.

घरी फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांची एक चूक इथेच सांगायला हवी. फोन आडवा केला की समोरची लेन्स डाव्या किंवा उजव्या टोकाला जाते आणि मजकूर मधोमध राहतो. वक्ता मग सतत बाजूला बघत राहतो. स्टॅनफर्डमधल्या मिल्टन चेन यांनी 2002 मध्ये दाखवलं होतं, की व्हिडिओवर बोलणाऱ्याची नजर लेन्सच्या थोडी खाली असली तर समोरच्याला ती आपल्याकडेच आहे असं वाटतं, पण बाजूला किंवा वर गेली की लगेच जाणवतं. म्हणून मजकूर शक्यतो लेन्सच्या लगेच खाली हवा. लॅपटॉपवर खिडकी ओढून कॅमेऱ्याच्या थेट खाली आणा आणि लहान करा. वाचायची ओळ पडद्याच्या तळाशी नको, वरच्या तिसऱ्या हिश्शात हवी.

देवनागरीच्या स्वतःच्या काही गरजा आहेत आणि इंग्रजीसाठी बनवलेली ॲप्स त्या विसरतात. आपल्या ओळीला वर अनुस्वार, मात्रा आणि रफार असतात, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवलं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला चिकटतो. दुरून 'त्याचा' आणि 'त्यांचा' यात फरक फक्त त्या एका टिंबाचा असतो. ते टिंब हरवलं की एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीचा उल्लेख एकेरी होतो, आणि चित्रीकरण पूर्ण झाल्यावर कळून उपयोग नसतो. म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी, जाड पण साधी अक्षरं घ्या. चाचणी अशी करा, ठरलेल्या जागी बसून फक्त अनुस्वार आणि रफार मोजून दाखवा. एक जरी सुटला तर अक्षर आणखी वाढवा.

आकडे अंकात लिहू नका. मराठीत 79 वाचायला डोळ्यांपेक्षा मेंदूला जास्त वेळ लागतो, 'एकोणऐंशी' लिहिलेलं असेल तर तोंडातून थेट येतं. अडीच, दीड, साडेतीन हेही शब्दातच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ओळ कुठे तोडायची. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. पडद्यावर 'त्यात साखर घालायची' ही ओळ संपली आणि 'नाही' पुढच्या ओळीत गेलं, तर वक्त्याचा आवाज 'घालायची'वर ठाम होऊन खाली उतरतो आणि मग पुढच्या ओळीतलं 'नाही' त्याला घाईने चिकटवावं लागतं. ऐकणाऱ्याने तोवर वाक्य उलटं समजून घेतलेलं असतं. म्हणून क्रियापद आणि 'नाही' एकाच ओळीत, हा नियम मी कुठल्याही परिस्थितीत मोडत नाही. ओळ थोडी लांब झाली तरी चालेल. तसंच विशेषण आणि नाम तोडू नका, आणि शब्दामध्ये जोडचिन्ह देऊन तो दोन ओळींत वाटू नका.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना जुलाबांवर दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. त्यांनी लिहून आणलेलं वाक्य असं आहे: 'जुलाब होत असलेल्या बालकास शरीरातील पाणी व क्षार यांची कमतरता भासू नये म्हणून ओआरएसचे एक पूर्ण पाकीट उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यात विरघळवून थोड्या थोड्या वेळाने पाजावे व तयार द्रावण 24 तासांनंतर वापरू नये.' कागदावर यात चूक नाही. पण श्वास कुठे घ्यायचा, ते वाक्यच सांगत नाही. शिवाय 'वापरू नये' इतकं उशिरा येतं, की तोवर आईने व्हिडिओ पुढे सरकवलेला असेल. पडद्यावर ते असं यावं:

बाळाला जुलाब झाले
की अंगातलं पाणी जातं,
मीठही जातं.

[पाकीट उचला, नजर पाकिटावर]

हे ओआरएसचं पाकीट.
या पाकिटाला
एक लिटर पाणी लागतं.
उकळून थंड केलेलं.

[लेन्स]

पूर्ण पाकीट
एकदम घाला.

[थांबा]

वरून साखर, मीठ, दूध
काही घालायचं नाही.

[लेन्स]

चोवीस तासांनी
उरलेलं पाणी
फेकून द्या.

'या पाकिटाला' हे दोन शब्द मुद्दाम आहेत. बाजारात 200 मिलिलिटर पाण्यासाठीची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून वाक्य हातातल्या पाकिटाशी बांधलं. वरच्या लेखी वाक्यात नसलेली एक गोष्टही इथे आली, दुसरं काही मिसळायचं नाही ही. आणि 'घालायचं नाही' एका ओळीत आहे, ते पाहून घ्या.

कंसातल्या सूचना बोलायच्या नसतात, म्हणून त्या मजकुरापासून वेगळ्या ओळीवर, पिवळ्या रंगात आणि चौकटी कंसात असाव्यात. वक्ता घाबरला की जे दिसेल ते वाचतो, अगदी 'थांबा'सुद्धा. सूचना कृतीच्या आधी द्यायची, नंतर नाही. 'पाकीट उचला' हे 'हे ओआरएसचं पाकीट'च्या खाली लिहिलं, तर शब्द आधी जातो आणि हात मागून येतो. दर ओळीला सूचना देऊ नका. सतत लेन्सकडे न मिटता पाहिलेले डोळे बघवत नाहीत. माणूस समोर बोलतानाही मध्येच हातातल्या वस्तूकडे बघतो आणि परत येतो. तो परत येण्याचा क्षण महत्त्वाचा आहे, म्हणून [लेन्स] हा शब्द मी मुख्य सांगण्याच्या लगेच आधी ठेवतो. काच नसेल आणि मजकूर लेन्सच्या बाजूला असेल, तर त्या जागी येणारी तीन-चार वाक्यं पाठच करावीत. तिथे पडद्याकडे बघायचंच नाही. उदाहरणातली 'पूर्ण पाकीट एकदम घाला' आणि 'चोवीस तासांनी' ही त्यातली.

मजकूर सरकवणारा माणूस वेगळा असेल तर त्याने बोलणाऱ्याच्या मागे मागे जायचं, पुढे पळायचं नाही. एकट्याने करायचं असेल तर ठरावीक गतीवर सोडण्यापेक्षा फोनशी जोडलेल्या छोट्या रिमोटने सरकवा. गती आधी ठरवली की 'थांबा'च्या जागी थांबता येत नाही, मजकूर वर निघून जातो आणि माणूस त्याच्यामागे धावतो.

तपासणीला एक पद्धत पुरते. पहिली मिनिटभराची चित्रफीत आवाज बंद करून पाहा. डोळे हलताना दिसले तर रुंदी कमी करा, किंवा मागे सरका. मग आवाज लावून पाहा आणि वक्ता जिथे अडखळला त्या ओळीला खूण करा. तीच ओळ दुसऱ्या वेळीही अडली, तर वक्त्याला पुन्हा सराव करायला लावू नका, ओळ बदला. मुळातच ती चुकीच्या जागी तुटलेली असते.