रेल्वेचं तिकीट, आतून-बाहेरून : वेटिंगवाल्यांसाठी दुसरी गाडी

या आठवड्यात जीएनडब्ल्यूएल, पीक्यूडब्ल्यूएल आणि आरएलडब्ल्यूएल यांतला फरक सांगायचं ठरलं होतं. तो आता पुढच्या आठवड्यावर. मधेच वडोदऱ्यातल्या सयाजीगंजातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न बाजूला ठेववेना. त्या लिहितात, ‘उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जायचंय. अवंतिका एक्स्प्रेसला स्लीपरची चार तिकिटं काढली, चारही वेटिंग. काढताना ‘विकल्प’ घ्यायचा का असं विचारलं होतं. घेतला तर आमचं वेटिंग लवकर सरकतं का?’

नाही. विकल्प घेतल्यानं मूळ गाडीतलं तुमचं वेटिंग एका नंबरानंही पुढं येत नाही. विकल्पाची गाठ पडते ती मूळ गाडीचा चार्ट लागल्यावर, आणि तीही तिकिटावरचे सगळेच्या सगळे प्रवासी तेव्हा वेटिंगवर उरले असतील तरच. चौघांपैकी एकाची जरी आरएसी झाली, तरी त्या तिकिटाचा विचार होत नाही. चौघेही अडकलेले असतील, तर तुम्ही खूण केलेल्या गाड्यांत त्याच वर्गाच्या चार जागा मोकळ्या आहेत का, हे पाहिलं जातं. मिळाल्या तर चौघांना, नाही तर कुणालाच नाही. तिघं एका गाडीत आणि आजोबा दुसरीत, असं होत नाही, एवढा दिलासा आहे.

‘त्याच वर्गाच्या’ हे शब्द बरेच जण वाचतच नाहीत. स्लीपरचं तिकीट असताना मुंबईसाठी यादीत वंदे भारत किंवा शताब्दी शोधणारे लोक मी पाहिलेत. त्या गाड्यांत बसायच्या खुर्च्या आहेत, स्लीपर नाही. तिथं स्लीपरवाल्याला जागा मिळायची कुठून?

ही योजना 1 नोव्हेंबर 2015 ला दिल्ली-लखनौ आणि दिल्ली-जम्मू मार्गांवर सुरू झाली आणि एप्रिल 2017 पासून देशभर पसरली. सुरुवातीला मूळ गाडीनंतर बारा तासांच्या आतलीच गाडी मिळायची. आता मूळ गाडीच्या वेळेनंतर अर्ध्या तासापासून 72 तासांपर्यंतची कुठलीही. जास्तीत जास्त सात गाड्या निवडता येतात. तिकीट काढताना राहिलं असेल, तर चार्ट लागण्याआधी काढलेल्या तिकिटांच्या यादीतूनही विकल्प घेता येतो. आणि इथंच लोक हात सैल सोडतात: सात खुणा करायची मुभा आहे ना, मग सातही करून टाकू!

आता या भगिनींचंच उदाहरण पुढं नेऊ. अवंतिका मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि वडोदरा जंक्शनला मध्यरात्रीच्या सुमारास येते. चार्ट मात्र वडोदऱ्याच्या नव्हे, मुंबईच्या वेळेवरून लागतो. पूर्वी तो गाडी सुटण्याआधी चार तास लागायचा. 2025 मध्ये ती वेळ बरीच अलीकडे आणली, त्यामुळं संध्याकाळच्या गाडीचा चार्ट आता सकाळीच लागतो. म्हणजे घरात दशम्या होत असतानाच निकाल कळलेला असतो. तो निकाल मोबाइलवर येतो, पण मेसेजवर विसंबू नका. पीएनआरची स्थिती स्वतः उघडून बघा.

समजा, चौघांना दुसरी गाडी मिळाली. ती उद्या संध्याकाळची आहे. हरकत नाही, सुटी आहे. पण ती गाडी वडोदरा जंक्शनला येतच नाही. ती छायापुरीला थांबते.

छायापुरीबद्दल थोडं सांगतोच, कारण वडोदऱ्याच्या माणसाला विकल्पातला सर्वांत मोठा धोका तिथंच आहे. अहमदाबादकडून येणाऱ्या गाडीला रतलामच्या दिशेनं जायचं असेल, तर पूर्वी तिला वडोदरा जंक्शनमध्ये येऊन इंजिनाची बाजू बदलून पुन्हा मागं फिरावं लागे. त्यात वेळ जायचा आणि फलाटही अडायचा. म्हणून छाणीच्या बाजूला बाहेरूनच वळणारी लाइन टाकली आणि 2020 मध्ये छायापुरी स्टेशन सुरू झालं. अहमदाबादहून रतलाममार्गे उत्तरेला आणि पूर्वेला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आता तिथंच थांबतात. रेल्वेच्या हिशेबात जंक्शन आणि छायापुरी ही एकाच शहराची जवळची स्टेशनं, आणि विकल्पात चढायचं किंवा उतरायचं स्टेशन अशा जवळच्या स्टेशनाशी बदलू शकतं. सयाजीगंजात राहणाऱ्याच्या दाराशी मात्र जंक्शन आहे. तो गाडीच्या पाच मिनिटं आधी पायी निघणारा माणूस; त्याला छायापुरीसाठी रिक्षा करून गर्दीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचंय हे आदल्या दिवशी कळायला हवं. यादीत BRC लिहिलंय की CYI, हे निवडतानाच बघा. मुंबईकडं जातानाही तसंच: कुठली गाडी मुंबई सेंट्रलला जाते, कुठली वांद्र्याला, ते वाचून खूण करा.

सवयीनं जंक्शनलाच जाऊन रात्री अवंतिकेत चढलात तर? जागा दुसऱ्या गाडीत दिली की मूळ गाडीत चढायचा हक्क संपतो. टीसीच्या दृष्टीनं तुम्ही विनातिकीट. भाडं तर भराच, वर तेवढाच किंवा किमान 250 रुपये दंड.

दुसरा फटका पैशांचा. विकल्प घेतलाच नसता, तर चार्टनंतर वेटिंगचं ई-तिकीट आपोआप रद्द होऊन माणशी 60 रुपये कापून बाकी परत आलं असतं. चौघांचे 240. विकल्पात जागा मिळाली की तुमचं तिकीट कन्फर्म झालं, आणि ते रद्द केलं तर कन्फर्म तिकिटाचे नियम लागतात, दुसऱ्या गाडीच्या वेळेवरून. स्लीपरला माणशी किमान 120, म्हणजे चौघांचे 480. गाडीला वेळ कमी उरला असेल, तर भाड्याचा चौथा हिस्सा, मग निम्मा. शेवटच्या काही तासांत शून्य. तारीख पुढं ढकलायची किंवा तिकिटात दुसरा बदल करायची सोयही जाते. नको असेल तर रद्द करा आणि नवं काढा. गेलाच नाहीत तर टीडीआर भरता येतो, पण टीडीआर हा दावा आहे, परतावा नव्हे.

भाड्याचा फरक दोन्हीकडं सोडून दिलेला असतो. अवंतिका सुपरफास्ट, तिच्या स्लीपर तिकिटात 30 रुपये सुपरफास्ट अधिभार आहे. साध्या एक्स्प्रेसमध्ये गेलात तरी ते 30 परत येत नाहीत. महाग गाडी मिळाली तर जादा पैसेही कुणी मागत नाही. या बाबतीत मला तरी रेल्वेशी भांडावंसं वाटत नाही.

मग विकल्प घ्यावा का? दिवाळीत आणि मे महिन्यात त्याच्यावर भरवसा ठेवू नये. तेव्हा सगळ्याच गाड्या भरलेल्या, मोकळी जागा येणार कुठून! बाकीच्या दिवसांत, तारीख दोन-तीन दिवस इकडं-तिकडं चालणार असेल तर जरूर घ्यावा. लग्नाला, परीक्षेला, दवाखान्याच्या वेळेला जायचं असेल तर घेऊ नये. घेतलात तर सात खुणांचा मोह आवरा. प्रत्येक गाडीपुढं तारीख, सुटण्याची वेळ आणि चढण्या-उतरण्याचं स्टेशन वाचा, आणि जिचं तिकीट तुम्ही एरवी स्वतःहून काढलं असतं तेवढ्याच गाड्या निवडा. या भगिनींनी छायापुरीच्या गाड्या घ्याव्यात, पण रिक्षाचा हिशेब धरून.

आरएलडब्ल्यूएल पुढच्या आठवड्यात, नक्की.