अंगठा टेकतो म्हणून मोठा बूट नको

गुलमर्गच्या दुकानात भाड्याचा स्की बूट पहिल्यांदाच चढवणारा बहुतेक प्रत्येक जण उभा राहिल्या राहिल्या म्हणतो, "भैया, उँगली लग रही है, बड़ा दो." गर्दीच्या वेळी दुकानदारही वाद घालत नाही. दिवसभराच्या पायदुखीची सुरुवात इथंच होते.

ताठ उभं राहिल्यावर बोटं टोकाला हलकी टेकली, तर माप सहसा बरोबर असतं. कारण स्कीइंग ताठ उभं राहून होत नाही. गुडघे पुढे वाकवले की नडगी बुटाच्या जिभेवर रेलते, टाच मागच्या खोबणीत बसते आणि बोटं जराशी मागे सरकतात. म्हणून वाकून पाहिल्याशिवाय नंबर ठरवू नये. वाकल्यावरही बोटं मुडपलेली राहत असतील, तर मात्र बूट खरंच लहान आहे.

या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. भिंतीला टाच लावून घरीच मोजा. समजा, पाऊल 25.8 भरलं, तर 26 नंबर मागायचा. आता अंगठ्याच्या तक्रारीवरून 28 घेतला, तर काय होतं? टाच उचलली जाते, उतारावर पाऊल पुढे घसरतं, अंगठ्याची नखं आपटतात आणि नडगी जिभेवर धडका घेत राहते. मग माणूस बकलं करकचून आवळतो, रक्त नीट पोचत नाही आणि पाय बधिर, गार पडतो. ज्या बोटांसाठी मोठा बूट घेतला, तीच आधी काळीनिळी होतात!

शंका असेल तर आतला मऊ बूट काढायला सांगा. नुसत्या प्लॅस्टिकच्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवली, की टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा उरायला हवी.

बूट घालताना आत एकच पातळ, लांब मोजा असावा. दोन मोज्यांनी ऊब वाढत नाही, सुरकुत्या वाढतात. थर्मलची कड वर ओढून घ्या, नाहीतर ती नडगीत रुतते. टाच जमिनीवर दोनदा ठोकून मागे बसवा. घोट्याजवळची बकलं आधी हलकी लावा, पुढे वाका, मग नडगीवरची घट्ट करा. चवड्यावरची फक्त अडकवली तरी चालतात. नडगीवर दाब हवाच, पण तो तळव्यानं धरल्यासारखा सगळीकडे सारखा हवा. एकाच रेषेत टोचत असेल, तर बहुधा मोज्याची घडी अडकलेली असते. पुढे रेलून टाच उचलून पाहा. ती उचलली गेली, तर लहान नंबर घालून बघा.

दुपारी बूट बदलून घेतलात, तर स्कीसुद्धा दुकानात न्या. बुटाच्या टाचेजवळ तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते आणि स्कीवरची पकड त्याच आकड्याला जुळवतात. ती तशीच ठेवली, तर बूट पडल्यावर सुटत नाही किंवा चालत्या स्कीवरून भलत्या वेळी सुटतो.