इटालियन यंत्रपुस्तिकांतील सूचनांचे भाषांतर

इटालियन यंत्रपुस्तिकेत सूचना बहुधा क्रियापदाच्या मूळ रूपात, म्हणजे ‘-आरे’, ‘-एरे’, ‘-ईरे’ अशा शेवटांनी लिहितात. हे रूप कोणालाही उद्देशून नसले, तरी सूचनेत त्याचा अर्थ आज्ञेचाच असतो. मराठीत इथे ‘बटण दाबणे’ लिहिले, तर ती कामांची यादी वाटते. ‘दाबावे’ म्हटले की सल्ल्याचा सूर येतो. वापरणाऱ्यासाठी ‘बटण दाबा’ हेच योग्य.

मात्र प्रत्येक मूळ रूप आज्ञा नसते. ‘प्रीमा दी आप्रीरे लो स्पोर्तेल्लो, स्ताक्कारे ला स्पीना’ या वाक्यात अशी दोन रूपे आहेत. ‘आप्रीरे’ला ‘प्रीमा दी’ची जोड असल्याने ते ‘उघडण्यापूर्वी’ होते. आज्ञा फक्त ‘स्ताक्कारे’ची. म्हणून: ‘दार उघडण्यापूर्वी प्लग काढा.’

नकार फसवा असतो. ‘नोन तोक्कारे’ ही तटस्थ मनाई असते, तशीच ‘तू’ला उद्देशून केलेलीही. उलगडा होकारार्थी वाक्यांतून होतो: तिथे ‘प्रेमेरे’ असेल तर पुस्तिका तटस्थ, ‘प्रेमी’ असेल तर एकेरीतली. मराठीत दोन्हीकडे ‘हात लावू नका’च शोभते, छापील सूचनेतले ‘तू’ खटकते.